नवरदेवाच्या मित्राने थंडीतल्या लग्नात कोणता रंग घालावा? अनुभव सांगा

राजवाड्यामागची
भाच्याचा काल फोन आला. जिवलग मित्राचं लग्न आहे आपल्याच इंदूरला, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, मलमास लागायच्या आत. "मावशी, कुर्ता आणि बंडी कुठल्या रंगाची घेऊ?" त्याचं बोलणं ऐकता ऐकता मला आमच्या दादाचं सीमांतपूजन आठवलं. दादाचा मित्र मोतिया रंगाचा कुर्ता आणि वर सोनेरी बुट्ट्यांची बंडी घालून आला होता. दादाची शेरवानीही मोतियाच. दोघंही उंच आणि दोघंही चष्मेवाले. मुलीकडच्या एक आजी ओवाळायचं तबक घेऊन थेट मित्रासमोर उभ्या राहिल्या! त्याला बिचाऱ्याला मागे सरकायलाही जागा नव्हती.
तर भाच्यासाठी अनुभव हवेत. तुम्ही, तुमच्या नवऱ्याने, मुलाने काय घातलं होतं?

पोहे_कम_जिलबी_ज्यादा
आजींनी ओवाळलं का मग?? तेवढं सांगा आधी 😂

राजवाड्यामागची
कुंकू लावलं. तांदूळही चिकटवले.

लष्करवाली
आमच्या ग्वाल्हेरला जानेवारीत रात्री पारा ५-६ अंशांवर येतो आणि लग्न उघड्या गार्डनमध्ये. रंग कसले घेऊन बसलात, सगळे शेवटी चुलत्याचं जर्किन घालून फोटोत येतात. कुर्त्याच्या आत थर्मल घालायचं तर व्ही गळ्याचं घ्या. गोल गळ्याचं पट्टीतून डोकावतं आणि फिक्या कुर्त्याखाली राखाडी थर्मल तर सरळ दिसतं.

निनाद_विजयनगर
थंडीत गडद रंगच घ्यावा, ऊब राहते. मी नेव्ही ब्लू मखमली बंडी घेतली होती, आतून काळा कुर्ता. एक नंबर.

कापडबाजार
निनाद भिया, गडद रंगाची ऊब उन्हात. रात्री दहाला वरातीत ऊन कुठलं? तुम्हाला ऊब दिली ती मखमलीच्या जाडीने आणि आतल्या अस्तराने.
आमचं दुकान तुकोजीराव क्लॉथ मार्केटात, आजोबांपासून. नेव्ही ब्लूची तक्रार दर सीझनला येते. गिऱ्हाईक दुकानात पांढऱ्या ट्यूबखाली निळी बंडी पसंत करतं, मग गार्डनमधले पिवळे दिवे लागले की ती काळी दिसते. पिवळ्या उजेडात निळा भाग फार थोडा असतो, त्यामुळे निळ्या कापडाकडून परत यायला काही उरतच नाही. मखमल तर उजेड आणखी पिते. जांभळा आणि बाटली हिरवाही तसेच मरतात. टिकतात ते ज्यांच्या पोटात पिवळा किंवा लाल आहे ते: विटकरी, डाळिंबी, मेहंदी, मोहरी.
ताई, भाच्याला तीन गोष्टी विचारा. नवरदेव काय घालतोय, वऱ्हाड्यांना वाटायचे साफे कुठल्या रंगाचे, आणि कार्यक्रम दिवसा की रात्री. बंडी त्यावर ठरते. कुर्ता शेवटी.

निनाद_विजयनगर
पण फोटोत माझी बंडी निळीच आली आहे, आत्ता अल्बम काढून बघितला.

कापडबाजार
फ्लॅशचा उजेड उन्हासारखा पांढरा असतो, म्हणून. फ्लॅशच्या फोटोत निळी, व्हिडिओत बहुतेक काळी. व्हिडिओ बघा.

निनाद_विजयनगर
😐

मांडवीची_सून
आमच्या बडोद्याला बंडीला कोटी म्हणतात. मंगळबझारात आरसेकामाच्या कोट्या मिळतात, नवरात्रीच्या उरलेल्या, लग्नात अजिबात घेऊ नका. एवढ्यात माझाच प्रश्न: नवऱ्याच्या मित्राच्या लग्नात मला जायचंय, डाळिंबी पैठणीवर शाल कुठली घेऊ?

लष्करवाली
धागा मित्राच्या कुर्त्याचा आहे गं 😄 काळी सोडून कुठलीही घे. काळ्याची हौस संक्रांतीला भागव.

राजवाड्यामागची
@कापडबाजार दादा, विचारलं. मुहूर्त सकाळी आहे, तेव्हा नवरदेव सोवळ्यात. संध्याकाळी बायपासजवळच्या गार्डनमध्ये वरात आणि रिसेप्शन, तेव्हा मोतिया शेरवानी आणि डाळिंबी शेला. वऱ्हाड्यांना गुलाबी साफे. भाच्याला एकच जोड घ्यायचाय, दोन्ही वेळा तोच चालला पाहिजे. आणि मोरपंखी हवंय म्हणतो.

कापडबाजार
मग माझ्या डोळ्यासमोर असं येतंय. मोतिया, बदामी, सोनेरी बाद, ते नवरदेवाचं. डाळिंबी आणि मरून बाद, शेला तोच आहे. शेजारी उभं राहिलं की दोघांचं कापड एकाच ताग्यातलं वाटतं. मोरपंखीतला निळा रात्री जाईल, उरेल काळपट हिरवा. गुलाबी साफा डोक्यावर येणारच आहे, त्याच्याखाली मेहंदी रंगाची बंडी खुलते. रॉ सिल्क घ्या, त्यातल्या गाठी दिव्यात चमकतात, तरी जरीचा भपका नाही. कुर्ता त्याच घराण्यातला पण बराच फिका, पिस्त्याकडे झुकणारा. चुडीदार ऑफ व्हाइट. सकाळच्या उन्हातही हे सौम्य दिसतं.
शिवून घेणार असाल तर साधारण बांध्याला कुर्त्याचं अडीच मीटर आणि बंडीचं दीड मीटर पुरतं, पन्हा ४४ इंची धरून. कुर्त्याला चंदेरी घेऊ नका म्हणत नाही, पण ती झिरझिरीत, अस्तर लागेलच.
घ्यायच्या आधी दोन्ही कापडं एकत्र धरून दुकानाबाहेर उन्हात बघा, मग घरी पिवळ्या दिव्याखाली. ट्यूबखाली जुळलेले दोन हिरवे उन्हात एक पिवळट आणि एक निळसर निघतात, पुष्कळदा. आणि बंडीच्या अस्तरावर ओला पांढरा रुमाल घासून बघा. रंग लागला तर अस्तर बदला, नाहीतर वरातीत नाचून घाम आला की फिक्या कुर्त्याच्या काखेत हिरवे डाग.

सरदेसाई_काका
मेहंदी रंग सावळ्या मुलाला मळकट दिसतो असं माझं मत. आमच्या थोरल्याने अंजिरी बंडी घातली होती, राखाडी कुर्त्यावर. सगळ्यांनी विचारलं कुठून आणली.

कापडबाजार
काका, अंजिरी छानच, लालसर अंगाचा असेल तर रात्रीही टिकतो. पण सावळ्याला मेहंदी वाईट दिसतो हे मला पटत नाही. राखाडीलाच मी घाबरतो, पिवळ्या उजेडात तो धुवून धुवून विटल्यासारखा दिसतो.

सरदेसाई_काका
आमच्याकडे हॉल होता, पांढरे दिवे.

कापडबाजार
मग बरोबर आहे तुमचं.

लष्करवाली
आणि डीजेचे जांभळे दिवे लागले की? तेव्हा काय घालायचं?

पोहे_कम_जिलबी_ज्यादा
तेव्हा कोणी बघत नाही ताई, सगळे छोल्यांच्या रांगेत.

मांडवीची_सून
शालीचं कोणी सांगेल का 🙏

सरदेसाई_काका
मोतिया घे. नवरदेव तुझ्या शेजारी उभा राहणार नाही.

राजवाड्यामागची
भाच्याला सगळं वाचून दाखवलं. तो म्हणतो मेहंदी "अंकल टाइप" आहे, मोरपंखीच घेतो. मित्रमंडळींनी ठरवलंय म्हणे, सगळे मोरपंखी.

कापडबाजार
सगळेच घालणार असतील तर मखमल नको, सिल्क घ्या म्हणावं. आणि थोडा हिरव्याकडे झुकणारा उजळ मोरपंखी निवडा, निळ्याकडचा नाही. कुर्ता फिका ठेवला तर रात्री निदान बंडी कुठे संपते ते तरी दिसेल. फक्त फोटोग्राफरला सांगा, अगदी पांढरा कुर्ता असेल तर फ्लॅशमध्ये कापडच चमकतं आणि चेहरा काळा येतो.

लष्करवाली
मोजडीत मोजे घालायचे की नाही? आमच्याकडे दर लग्नात यावरून भांडण.

निनाद_विजयनगर
घालायचे. व्हिडिओ बघितला. बंडी काळीच आहे.