मदत हवी आहे: दोन पेपरांच्या गुणांची तुलना करण्यासाठी STANDARDIZE वापरलं, पण उत्तरं पटत नाहीत

कोरी_वही

नमस्कार. माझ्याकडे आठ विद्यार्थ्यांचे दोन पेपरांचे गुण आहेत, गणित आणि भाषा, दोन्ही शंभरपैकी. गणिताचा पेपर अवघड निघाला आणि सरासरी ४६ वर आली. भाषेची सरासरी ७१ आहे. प्रत्येकानं कोणत्या पेपरात तुलनेनं चांगलं केलं हे मला बघायचं आहे आणि त्यानंतर दोन्ही मिळून क्रम लावायचा आहे. सरळ बेरीज केली तर ते न्याय्य होणार नाही असं वाटलं, म्हणून STANDARDIZE वापरून पाहिलं.

| क्रमांक | गणित | भाषा |
|---|---|---|
| १ | ५८ | ७३ |
| २ | ७० | ६७ |
| ३ | ४६ | ७७ |
| ४ | ४० | ७३ |
| ५ | २८ | ७१ |
| ६ | ४६ | ७३ |
| ७ | ४० | ७१ |
| ८ | ४० | ६३ |

गणित B मध्ये आहे, भाषा C मध्ये, आणि गुण दुसऱ्या ओळीपासून सुरू होतात. D2 मध्ये हे सूत्र लिहून खाली ओढलं:

```
=STANDARDIZE(B2,AVERAGE(B2:B9),STDEV.P(B2:B9))
```

पहिल्याला बरोबर १ आला. पण सहाव्याला १.४१ मिळतात. त्याचे गुण ४६ म्हणजे थेट सरासरीवर आहेत, मग शून्य यायला नको का? शेवटच्या दोन ओळींत तर #NUM! दिसतो. भाषेच्या कॉलमात #NUM! फक्त शेवटच्या ओळीत आहे. गुण तीनदा तपासले, टंकनाची चूक नाही. कुठे चुकतंय?

मधली_सुट्टी

एवढ्या खटाटोपाची गरज नाही. सरासरीत २५ चा फरक आहे ना? मग गणितात सगळ्यांना २५ वाढवून द्या. दोन्ही सरासऱ्या ७१ होतील, आणि पुढे खुशाल बेरीज करा. आम्ही कायम असंच करत आलोय.

ताळेबंद

कोरी वही ताई, आधी तुमची चूक सांगतो. सूत्र खाली ओढलं की त्याच्या आतली कक्षासुद्धा एकेक ओळ खाली सरकते. D2 मध्ये B2:B9 आहे, D3 मध्ये ते B3:B10 होतं, आणि D7 ला पोचेपर्यंत B7:B14. खालच्या ओळी रिकाम्या असल्यामुळे सहाव्या विद्यार्थ्याची तुलना फक्त ४६, ४० आणि ४० यांच्याशी झाली. त्या तिघांची सरासरी ४२ आणि प्रमाण विचलन २.८३, म्हणून १.४१.

#NUM! सुद्धा त्यातूनच आला. सातव्या विद्यार्थ्याच्या हिशेबात उरले ४० आणि ४०, आठव्याच्या हिशेबात एकटा ४०. सगळे आकडे सारखे असले की पसारा शून्य, आणि विचलन शून्य किंवा त्याहून कमी असलं की STANDARDIZE #NUM! देतं. भाषेत शेवटच्या दोघांचे गुण ७१ आणि ६३ असे वेगळे आहेत, म्हणून तिथे #NUM! एकाच ओळीत अडकला. मला खरी काळजी #NUM! ची वाटत नाही, तो निदान दिसतो तरी. मधल्या ओळींतले आकडे दिसायला व्यवस्थित असतात आणि चुकीचे असतात.

सरासरी आणि विचलन बाहेर काढून ठेवा. B11 मध्ये एक, B12 मध्ये दुसरं, आणि C मध्येही तसंच:

```
B11: =AVERAGE(B2:B9)
B12: =STDEV.P(B2:B9)
D2:  =STANDARDIZE(B2,B$11,B$12)
```

डॉलर फक्त ओळीच्या आकड्याआधी लावलाय. त्यामुळे D2 उजवीकडे E2 मध्ये ओढलं की B चा C आपोआप होतो, आणि खाली ओढलं तरी ११ व १२ जागचे हलत नाहीत. शिवाय विचलन डोळ्यांसमोर राहतं, आणि तुमच्या प्रश्नाचं मर्म तिथेच आहे: गणितात ते १२ आहे, भाषेत ४.

ओढून झालं की D ची सरासरी आणि STDEV.P काढा. शून्य आणि एक आलं पाहिजे. एखादा सूक्ष्म दशांश उरला तर सोडून द्या. पण ०.३ वगैरे आलं तर कक्षा पुन्हा सरकलीय असं समजा.

ताळेबंद

मधली सुट्टी, तुमच्या सल्ल्याचा अर्धा भाग बरोबर आहे. एकाच विद्यार्थ्याचे दोन पेपर शेजारी ठेवून बघायचे असतील तर सरासरी जुळवून थोडं कळतं. क्रमासाठी मात्र त्याचा काही उपयोग नाही. सगळ्यांना सारखेच २५ दिले तर सगळ्यांच्या बेरजा २५ नेच वाढणार, मग क्रम हलेल कसा? आधी १३७, १३१, १२३ होते, ते १६२, १५६, १४८ होतील. क्रमांक २, १, ३ हाच क्रम राहील.

गणितात वरचा विद्यार्थी सरासरीच्या २४ वर आहे, भाषेत वरचा फक्त ६ वर. सरळ बेरजेत गणितातला फरक भाषेतल्या फरकाला गिळून टाकतो. विचलनाने भागल्याशिवाय ते सुटत नाही.

मधली_सुट्टी

हे खरंच लक्षात आलं नव्हतं. सगळ्यांना सारखे वाढवले तर क्रम तोच राहणार, बरोबर आहे.

कोरी_वही

खूप आभार! डॉलर लावला आणि सगळं जागेवर आलं. D आणि E दोन्हींची सरासरी शून्य, विचलन एक. सहावा शून्यावर आला.

पहिल्या क्रमांकाचं उत्तर बघून मला नवल वाटलं. तिला गणितात ५८ आणि भाषेत ७३, म्हणून मी तिला भाषेत पुढे धरत होते. आता गणितात १ आणि भाषेत ०.५ येतंय, म्हणजे वर्गाच्या तुलनेत तिचं गणितच सरस.

बेरीज केल्यावर पहिली आणि तिसरा दोघेही १.५ वर आहेत, आणि दुसरा १ वर घसरला. सरळ बेरजेत तो सगळ्यांत वर होता. तळाशीही अदलाबदल झाली: आधी पाचवा शेवटचा होता, आता आठवा. हा क्रम मी पक्का धरू का?

तिरकी_रेघ

घाई करू नका. दुसऱ्याचं गणित विचलनाच्या दुप्पट अंतरावर आहे, ७० गुण, बाकी कोणी साठीलाही पोचलेलं नाही. आणि तो खाली का आला, तर भाषेत सरासरीपेक्षा चार गुण कमी पडले म्हणून. तुमच्या हिशेबात भाषेतले ४ गुण म्हणजे गणितातले १२.

मी बरीच वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. निबंधात तीनचार गुण इकडे किंवा तिकडे जाणं हे तपासणाऱ्याच्या हातावर असतं. आठपैकी सहा जण ७१ ते ७७ मध्ये आहेत, म्हणजे तपासणाऱ्यानं मधलेच गुण वाटले असण्याची शक्यता आहे. असं असेल तर तुम्ही त्या हाताच्या फरकाला तिपटीनं मोठं करताय. मला हे रुचत नाही.

ताळेबंद

रेघ सरांचा मुद्दा रास्त आहे, आणि STANDARDIZE कडे त्याचं उत्तर नाही. भाषेचा पसारा कमी आहे तो विद्यार्थी खरोखर सारखे आहेत म्हणून, की गुण देताना हात आखडला म्हणून, हे आकड्यांवरून सांगता येत नाही.

पण सरळ बेरीज तरी तटस्थ आहे असं मानू नका. तुमची सरळ बेरीज म्हणजे गणिताचा प्रमाणित गुण गुणिले १२, अधिक भाषेचा गुणिले ४, अधिक ११७. पहिलीचं करून बघा: १२ अधिक २ अधिक ११७, झाले १३१. म्हणजे सरळ बेरजेत गणिताला भाषेच्या तिप्पट वजन आपसूक मिळालेलं असतं, कोणी न ठरवता. प्रमाणित केल्यावर वजन सारखं होतं. मधलं काही हवं असेल तर ते उघडपणे लिहा:

```
=1.5*D2+E2
```

गणिताला दीडपट वजन दिलं की पहिली आणि दुसरा बरोबरीत येतात. त्याहून जास्त दिलं तर दुसरा पुढे. कोणत्या विषयाला किती वजन हे तुम्ही आधी ठरवायचं, आणि तेही क्रम बघण्याआधी.

खडूची_भुकटी

मी STDEV.S वापरतो. P बरोबर की S? मला पहिलीचा १ ऐवजी ०.९४ येतोय.

ताळेबंद

इथे वर्ग पूर्ण आहे, नमुना नाही, म्हणून P. S घेतलं तर गणिताचं विचलन १२.८३ होतं, भाषेचं ४.२८. दोन्ही पेपरांना तेच आठ जण असल्यामुळे सगळे गुण एकाच प्रमाणात आक्रसतात आणि क्रम तसाच राहतो. एका कॉलमात P आणि दुसऱ्यात S मात्र करू नका.

ताई, एक गोष्ट राहिली. कोणी गैरहजर असेल तर त्या चौकटीत ० लिहू नका. आठव्याच्या भाषेत ६३ ऐवजी ० घालून बघा, विचलन ४ वरून २४ वर जातं आणि तिसऱ्याचा १.५ घसरून ०.५८ होतो. चौकट रिकामी ठेवली तर AVERAGE ती सोडून देतं, पण STANDARDIZE त्याच रिकाम्या चौकटीला शून्य समजून वजा २५ च्या पलीकडचा आकडा काढतं. म्हणून:

```
=IF(B2="","",STANDARDIZE(B2,B$11,B$12))
```

वहीचं_पान

माझंही असंच आहे. माझ्याकडे दोन तुकड्या आहेत, सकाळची आणि दुपारची. दोघींना वेगवेगळा प्रश्नसंच दिला होता. सकाळची सरासरी ५२, दुपारची ६१. दोन्ही तुकड्या वेगळ्या प्रमाणित करून एकत्र यादी लावली तर चालेल ना?

ताळेबंद

हे तसंच नाही. कोरी वही ताईंकडे तेच आठ जण दोन्ही पेपरांना बसले, म्हणून सरासरीतला फरक पेपराचा किंवा तपासणीचा म्हणता येतो. तुमच्याकडे माणसंही वेगळी आणि पेपरही वेगळा. नऊ गुणांचा फरक पेपर सोपा होता म्हणून पडला, की दुपारची तुकडी खरंच हुशार आहे? प्रमाणित केलं की दोन्ही सरासऱ्या शून्य होतात, म्हणजे दोन्ही तुकड्या सारख्याच हुशार हे तुम्ही गृहीत धरलंत. विद्यार्थी चिठ्ठ्या टाकून वाटले असतील आणि संख्या मोठी असेल तर ते पटण्यासारखं आहे. कसे वाटले होते?

वहीचं_पान

ज्याला जी वेळ सोयीची, त्यानं ती घेतली. प्रत्येकी तीसेक जण.

तिरकी_रेघ

मग मी एकत्र यादी लावणार नाही. दोन्ही संचांत काही प्रश्न तेच होते का? फक्त त्या प्रश्नांतले गुण काढून तुकड्यांची तुलना करा, थोडा अंदाज येईल.

वहीचं_पान

पाच प्रश्न दोन्हीकडे होते, एकूण वीस गुणांचे. उत्तरपत्रिका अजून माझ्याकडेच आहेत. प्रश्नवार गुण भरून इथे टाकते.

कोरी_वही

मी दोन्ही विषयांना सारखं वजन ठेवायचं ठरवलंय, सुरुवातीपासून तेच मनात होतं. पण रेघ सरांचं वाचून भाषेच्या आठही उत्तरपत्रिका एका सहकाऱ्याकडे पुन्हा तपासायला दिल्या आहेत, आधीचे गुण झाकून. त्यांचे गुण हाती आले की C कॉलम बदलून बघते, दुसरा कुठे येतो ते.