मदत हवी आहे: ७२० ऑर्डरी, पण रिपोर्ट म्हणतो १.८ दिवस

मंडळी, बडोद्यात मकरपुऱ्याला एका गोदामाचं डिस्पॅच बघतो. रोज सरासरी २४० ऑर्डरी बाहेर पडतात. महिनाभर सकाळ-संध्याकाळ उघड्या ऑर्डरी मोजल्या: सरासरी ७२०, आकडा वाढतही नाही, घटतही नाही. लिटलच्या नियमाने, म्हणजे उघड्या ऑर्डरी भागिले रोज निघणाऱ्या, एका ऑर्डरीला सरासरी ७२० ÷ २४० = ३ दिवस लागतात. सिस्टिमचा रिपोर्ट मात्र १.८ दाखवतो.

शोधल्यावर कळलं, रिपोर्टचं घड्याळ पिक लिस्ट छापल्यावर सुरू होतं. १.८ × २४० = ४३२, आणि फ्लोअरवर खरंच तेवढ्याच ऑर्डरी सापडल्या. उरलेल्या २८८ लिस्ट निघण्याआधीच १.२ दिवस पडून असतात. गिऱ्हाईक बिचारं ऑर्डर टाकल्यापासून दिवस मोजतं.

आता शेठ म्हणतात, सगळ्या लिस्ट सकाळीच छापून टाका. पण अडतं पॅकिंगच्या टेबलांवर. तिथून दिवसाला २४०च निघतात. म्हणजे २८८चा ढीग फक्त फ्लोअरवर येईल, एकूण ३ दिवस तेच, वर ट्रॉल्यांची गर्दी. (रिपोर्ट तेवढा १.८ वरून ३ वर जाईल आणि बोलणी मी खाईन!)

दुसरा घोळ: ७२० पैकी ९० ऑर्डरी माल नाही म्हणून अडकल्यात. अशा रोज जेमतेम ६ सुटतात, म्हणजे त्यांना सरासरी १५ दिवस. बाकीच्यांना ६३० ÷ २३४, सुमारे २.७.

या दोन रांगा वेगळ्या दाखवणं बरोबर ना? आणि पॅकिंग रिकामं न पडता फ्लोअरवर कमीत कमी किती ऑर्डरी ठेवाव्यात, हे तुम्ही कसं ठरवता?