सकाळी आखडणारी बोटं

> आईची बोटं सकाळी दीड तास वळत नाहीत, सांधे सुजतात. वयामुळे असेल का?

ताई, वयामुळे होणाऱ्या सांध्यांच्या झिजेचा आखडलेपणा सहसा अर्ध्या तासात सुटतो. दोन्ही हातांच्या बोटांच्या मुळाशी आणि मधल्या पेरांवर मऊ, दाबल्यावर दुखणारी सूज असेल, तर आमवाताची शंका घ्या आणि ऱ्हुमॅटॉलॉजिस्टची, म्हणजे सांधेविकारांच्या डॉक्टरची, वेळ लगेच मागा. माझ्या आईची आरए फॅक्टर ही आमवातासाठीची रक्ततपासणी निगेटिव्ह आली म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो आणि आठ महिने गमावले. आमवात असूनही ही तपासणी निगेटिव्ह येऊ शकते.

तोवर उठल्यावर दहा मिनिटं कोमट पाण्यात हात बुडवून बोटं हलकेच उघडझाप करायची. अंगठ्या आजच काढा, कपडे पिळू देऊ नका. स्टेरॉइडची गोळी मनाने अजिबात नको. सूज दबते आणि निदान लांबतं.