‘दोन मिनिटं आहेत का?’ : सलग काम करायला वेळ कसा मिळवलात?

सायली_कर्वेनगर
घर रंगवायला काढलंय, म्हणून काल कपाट रिकामं करत होते. जुन्या डायरीतून घडी घातलेला एक कागद पडला. सात वर्षांपूर्वीची एका आठवड्याची नोंद, माझ्याच गिचमिड अक्षरात. बुधवारचं पान असं:

१०:१० बसले. १०:२५ ‘दोन मिनिटं आहेत का?’ १०:४० परत जागेवर. ११ ला स्टँडअप, पंधरा मिनिटांचा म्हणे, संपला ११:४० ला. १२:१५ ला फोन. दुपारी २ ते ३ डेमो. ३:३० ते ५ अंदाजपत्रकाची मीटिंग. ५:२० ला ‘अगं, जरा बघतेस का?’

दिवसातला सगळ्यात लांब सलग तुकडा ३५ मिनिटांचा. आणि डोक्यात काय होतं, तर पगारपत्रकातला एक बग. बिनपगारी रजा घेतलेल्या काही लोकांच्या पगारात तीस-पस्तीस रुपयांचा फरक येत होता, तोही ठरावीक महिन्यांतच. पगार, रजा, थकबाकी, पीएफ अशा चार ठिकाणचा कोड एकाच वेळी डोळ्यांपुढे धरला तरच धागा सापडणार होता. चौथ्या ठिकाणी पोचेपर्यंत कोणीतरी खांद्यावर टकटक करायचं, की पुन्हा पहिल्यापासून. असे अकरा दिवस गेले.

तुमचं काय? वेळ मागितलात का कधी? मिळाला का?

भटकबहाद्दर
मीटिंगमध्येच आहे. कॅमेरा बंद. नंतर लिहितो.

मास्तर_तालुका_जत
आमच्याकडे मीटिंग नाही, ग्रुप आहे. चौथीला भागाकार शिकवतोय, शून्य वर कुठे लिहायचं ते पोरांना आत्ता कुठे कळायला लागलंय, तेवढ्यात ११:२० ला मेसेज: ‘सोबतच्या नमुन्यात माहिती तात्काळ पाठवा.’ नमुना तोच, जो गेल्या महिन्यात भरला होता. वेळ मागायचा कोणाकडे? केंद्रप्रमुखही वरून आलेलंच पुढे ढकलतात. मी एवढंच केलं, पहिल्या दोन तासांना फोन कपाटात. मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, अगदीच गळ्याशी आलं तर शिपायाला पाठवते. वर्षभरात त्या शिपायाला दोनदाच यावं लागलं.

अमोघ_९
सोपंय की. गूगल कॅलेंडरमध्ये Focus time टाका. त्या वेळेतल्या मीटिंगला आपोआप नकार जातो. विषय संपला.

खडूस_काका
@अमोघ, विषय तिथेच सुरू होतो. एक तर ते ऑफिसच्या खात्यावर दिसतं, घरच्या जीमेलवर नाही. दुसरं, मी ते लावलं आणि आपोआप नकार गेला तो थेट डायरेक्टरला. त्यांनी उत्तरादाखल काही लिहिलं नाही, फक्त माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. आधी माणसांशी ठरवा, मग कॅलेंडरला सांगा.

रेवा_सिस्टर
मी वॉर्डात. सकाळच्या औषधांच्या फेरीत नातेवाईक विचारणार, ‘सिस्टर, डिस्चार्ज कधी?’ हातात इंजेक्शनची व्हायल, डोक्यात पेशंटचं नाव आणि मात्रा. एकदा मध्येच उत्तर दिलं आणि ट्रेमधल्या दोन वाट्या अदलाबदल झाल्या. पेशंटच म्हणाला, ‘ही माझी गोळी नाही, माझी पिवळी असते.’ तेव्हापासून कोणी मध्ये बोललं तर ती वाटी बाजूला ठेवते आणि केसपेपरपासून पुन्हा सुरू करते. वेळ जातो, जाऊ दे. फेरीपुरतं एका मावशींना दाराशी उभं करा असं मागितलं होतं. चार दिवस मिळाल्या, मग मावशीच रजेवर.

अमोघ_९
बापरे. आमचा बग परवडला.

निळू_पाटील
सोसायटीच्या मीटिंगबद्दल कोणी बोलणार आहे का? आमच्याकडे पार्किंगवरून साडेतीन तास.

खडूस_काका
निळूभाऊ, धागा ऑफिसचा आहे. पण साडेतीन तासांत झालं काय?

निळू_पाटील
पुढची मीटिंग ठरली.

गौरी_न्यूजर्सी
सायली, मग तुझा बग सापडला का? अर्धंच सांगून गेलीस. (आमचं घड्याळ मार्च-नोव्हेंबरला हलतं तेव्हा पुण्याची टीम शिव्या घालते, माहितेय मला. सकाळी १० चा कॉल, तुमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. जेवायची वेळच खाल्ली जाते.)

सायली_कर्वेनगर
पुट्टीवाले आले होते, सॉरी. सांगते.

‘मीटिंग फार होतात’ असं मी मॅनेजरना आधी तीनदा म्हटलं होतं. दरवेळी उत्तर एकच, ‘माझ्याही होतात.’ चौथ्या वेळी काही बोललेच नाही, हा कागद पुढे ठेवला. मागणीही छोटी केली: मंगळवार आणि गुरुवार, सकाळी १० ते साडेबारा, बास. त्यांचा पहिला प्रश्न, ‘आणि गिऱ्हाईकाचा फोन आला तर?’ रास्त होता. म्हणून आम्ही पाच जणांनी पाळी लावली. रोज एक जण ‘खिडकीवर’. सगळे फोन, सगळे ‘दोन मिनिटं’वाले त्याच्याकडे. त्या दिवशी त्याला दुसरं काम द्यायचं नाही. ही शेवटची अट महत्त्वाची होती, नाहीतर खिडकीवर कोणी बसलाच नसता. माझी पाळी शुक्रवारी. आणि स्टँडअप ११ वरून साडेबाराला नेला. पोटात कावळे ओरडत असले की कोणी भाषण देत नाही, खरोखर पंधरा मिनिटांत उरकायचा.

पहिल्याच गुरुवारी बग सापडला, पावणेदोन तासांत. पगाराचा दिवस काढताना महिन्याचे खरे दिवस धरले होते, रजा कापताना सरसकट ३०. म्हणजे ३१ दिवसांच्या महिन्यात ३१,००० पगारवाल्याचा एक दिवस एकीकडे १,००० चा, दुसरीकडे १,०३३ चा. फेब्रुवारीत उलट. तीस दिवसांच्या महिन्यात काहीच नाही, म्हणून तर दिसत नव्हता.

अमोघ_९
आणि मग सगळं सुरळीत?

सायली_कर्वेनगर
कसलं! तिसऱ्या आठवड्यात वरून मंगळवारी ११ चा आढावा आला. एकदाच म्हणून गेले. पुढच्या मंगळवारी तीन निमंत्रणं. मग मॅनेजरशी पुन्हा बसले आणि ठरवलं, सकाळ कोणी घेतली तर त्याच दिवशी दुपारचे तेवढेच तास परत द्यायचे, आणि ते कोणाच्या मीटिंगमधून काढायचे हे घेणाऱ्यानेच सांगायचं. त्यावर बरेच जण ‘राहू दे, मेल करतो’ म्हणायला लागले. दीड वर्ष चाललं. मॅनेजर बदलले आणि महिन्याभरात सगळं पहिल्यासारखं. कुठे लिहून ठेवलंच नव्हतं आम्ही.

सुहास_ठाणे
मी त्या दुसऱ्या बाजूचा, टीम सांभाळतो. शिव्या घाला, पण ऐका. मी मध्येच येऊन विचारतो, कारण काम कुठवर आलंय ते मला कळत नाही आणि वर मला विचारणारा बसलेला असतो. एक मुलगी रोज चार वाजता तीन ओळी पाठवते: काय झालं, काय अडलंय, उद्या काय. तिच्या टेबलाशी मी महिनोन्‌महिने गेलेलो नाही. बाकीच्यांना सांगितलं तर म्हणतात, आणखी एक रिपोर्ट!

मास्तर_तालुका_जत
सर, चार वाजता आम्ही तीन ओळी नाही, तीन तक्ते पाठवतो. तरी साडेचारला फोन येतोच.

सुहास_ठाणे
मग माझा इलाज तुम्हाला लागू नाही गुरुजी. खरंच नाही.

रेवा_सिस्टर
सायली, पाळीच्या माणसाला दुसरं काम नाही, हे कसं मान्य करून घेतलंस? आमच्याकडे एका शिफ्टला दोनच जणी असतात.

सायली_कर्वेनगर
आम्ही पाच होतो म्हणून जमलं गं. दोघींत कसं करायचं, खरंच सुचत नाही. कोणाला सुचलं तर लिहा.

भटकबहाद्दर
आलो. मीटिंग संपली. काय चाललंय इथे?

निळू_पाटील
वर वाचा. आणि सायलीताई, रंगारी कोणता लावलाय? नंबर व्यनि कराल का, आमच्या जिन्याचं काम त्या मीटिंगमध्ये अडकलंय.