इंटर्नशिपमधील पाच दिवसांची रजा: अर्ज द्यावा की आपसांत सांभाळून घ्यावे?

नवी_इंटर्न: मी एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसनंतरची इंटर्नशिप करीत आहे. पुढच्या महिन्यात थोरल्या बहिणीचे लग्न आहे आणि मला सलग पाच दिवस हवे आहेत. नेमकी तेव्हाच माझी कान-नाक-घसा विभागातील दोन आठवड्यांची पोस्टिंग असेल. यापूर्वी मेडिसिनमध्ये असताना तापामुळे सात दिवस गेले. सोबतचे म्हणतात, अर्ज देऊ नकोस, आम्ही सांभाळून घेतो. विभागप्रमुख सरांना कसे विचारावे, म्हणजे लॉगबुक आणि पूर्णता प्रमाणपत्र अडणार नाही?

रात्रपाळी: तुमचे सोबती व्यवहाराचे बोलत आहेत. मी सध्या सर्जरीचा निवासी डॉक्टर आहे आणि जे चालते ते रोज पाहतो. इंटर्नची ड्युटी यादी बहुतेक ठिकाणी इंटर्नच बनवतात. युनिटमधील दोघांनी तुमच्या पाळ्या घेतल्या आणि परत आल्यावर तुम्ही त्यांच्या घेतल्या, तर विभागाचे काम अडत नाही आणि तुमची एकही रजा खर्च होत नाही. लेखी अर्ज दिला की सरांना लेखी उत्तर द्यावे लागते, आणि दोन आठवड्यांच्या पोस्टिंगमध्ये पाच दिवस मागितले तर ते उत्तर बहुधा नकाराचेच असते. एकदा नकार मिळाल्यावर तोंडी सवलतही मागता येत नाही.

केंद्र_समन्वयक: मी समुदाय वैद्यकशास्त्र विभागात शिकवतो आणि काही वर्षे इंटर्नच्या पोस्टिंगचे वेळापत्रक सांभाळले आहे, त्यामुळे वरील सल्ल्याशी पूर्ण असहमत आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2021 च्या नियमांनुसार 52 आठवड्यांच्या संपूर्ण इंटर्नशिपमध्ये पूर्वपरवानगीने जास्तीत जास्त 15 दिवस रजा मिळते. त्यापुढे जितके दिवस जातील तितकी इंटर्नशिप वाढते, आणि वाढीव दिवस ज्या विभागात खंड पडला त्याच विभागात भरून द्यावे लागतात. तुमचे तापाचे सात दिवस या पंधरातच मोजले असतील, तर आठ उरतात. त्यांतून पाच घेतल्यावरही तीन शिल्लक राहतात. म्हणजे एकूण रजेचा हिशेब तुमच्या विरुद्ध नाही. अडचण आहे ती पोस्टिंगच्या लांबीची. चार आठवडे किंवा त्याहून मोठ्या पोस्टिंगमध्येसुद्धा एका वेळी एका आठवड्याहून अधिक रजा देत नाहीत. मग चौदा दिवसांतून पाच दिवस गेल्यावर उरलेल्या नऊ दिवसांत तुम्ही काय शिकलात, हा प्रश्न विभागप्रमुखांनी विचारणे स्वाभाविक आहे.

त्या प्रश्नाचे उत्तर लॉगबुकात असते. कान-नाक-घसा विभागात नाकात पॅकिंग करणे, कान धुणे, नाका-कानातील बाह्य वस्तू काढणे अशा गोष्टी तारखेसह नोंदवून सही घ्यावी लागते. कान धुण्याचे रुग्ण बाह्यरुग्ण विभागात रोज मिळतात, परंतु नाकातून रक्त येणारा रुग्ण तुमच्या सोयीने येत नाही. तो पुष्कळदा रात्री अपघात विभागात येतो. म्हणून रजेआधीच्या आठवड्यात रात्रीची कॉल ड्युटी मागून घ्या आणि त्या नोंदी आधी पूर्ण करा. अर्ज त्यानंतर वजनदार होतो.

आपसांत सांभाळण्याबाबत एवढेच सांगतो की ड्युटी यादीवर नाव तुमचे, हजेरीवर सही दुसऱ्याची आणि रुग्णाच्या कागदावर कोणाचीच नाही, अशा दिवशी तक्रार झाली तर चौकशी कागदावरील नावापासून सुरू होते. त्या वेळी सही करणारा मित्रही तुमच्याइतकाच अडकतो.

हक्काचे_पंधरा: इतके विनवायचे कशाला? पंधरा दिवसांची रजा नियमात आहे, म्हणजे तो इंटर्नचा हक्क आहे आणि विभागप्रमुख ती नाकारू शकत नाहीत. अर्ज आवक विभागात द्या, पोच घ्या आणि लग्नाला जा. शिवाय आजारपणाचे दिवस या पंधरात धरतच नाहीत, त्यामुळे तुमच्याकडे पूर्ण पंधरा शिल्लक आहेत.

केंद्र_समन्वयक: पोच घ्यावी, हे बरोबर आहे; बाकीचे अर्धेच बरोबर आहे. पंधरा ही कमाल मर्यादा आहे आणि ती पूर्वपरवानगीच्या अटीने बांधलेली आहे, त्यामुळे आवक क्रमांक मिळाला म्हणजे मंजुरी मिळाली असे होत नाही. मंजुरीविना गेल्यास ते दिवस अनधिकृत गैरहजेरीत जातात आणि प्रमाणपत्र खरोखर अडते ते तिथेच. आजारपणाची रजा महाविद्यालयाच्या वैद्यकीय मंडळाच्या शिफारशीवर ठरते. ताप आला तेव्हा प्रश्नकर्तीने मंडळाकडे कागद दिले होते की युनिटमध्ये फक्त कळवले होते, हे तिनेच विद्यार्थी विभागात पाहावे. तोवर सात दिवस गेलेच असे धरून चालणे सुरक्षित आहे.

ताळेबंद: मी सीएची आर्टिकलशिप करतो. आमच्याकडेही मर्यादेबाहेर रजा झाली की प्रशिक्षणाचा काळ वाढतो, पण आमचे प्रिन्सिपल एकच असतात. त्यांना ऑडिटचा हंगाम टाळून विचारले की प्रश्न सुटतो. तुम्हीही मार्च आणि सप्टेंबर टाळा.

रात्रपाळी: रुग्णालयाला मार्च-सप्टेंबर नसतो, ताळेबंदराव; आमच्याकडे विभागागणिक सही करणारा बदलतो, आणि सगळा घोळ त्यातूनच होतो. समन्वयक सरांचे म्हणणे कागदावर निर्दोष आहे. परंतु इंटर्न नसला की रक्ताचे नमुने कोण पोचवणार, ही चिंता असलेला विभाग रजेचा विचार प्रशिक्षणाच्या दृष्टीने करीतच नाही. जे विभागप्रमुख सर्वांसमोर “रजा मिळणार नाही” म्हणतात, तेच एकटे भेटल्यावर “बघा, काम अडू देऊ नका” म्हणतात. अशा ठिकाणी अर्जाचा आग्रह धरणाऱ्या मुलीलाच तोटा होतो, हे आपण मान्य करणार की नाही?

केंद्र_समन्वयक: काही विभागांत तसे होते, हे मान्य आहे. म्हणूनच मी आधी एकटे भेटून बोलावे आणि त्याच दिवशी अर्ज द्यावा असे सुचवतो. भेटीत लग्नाचे वर्णन थोडक्यात आटोपून पर्यायी व्यवस्था सांगावी. अर्जातील मजकूर असा पुरे:

“महोदय, बहिणीच्या विवाहानिमित्त मला पुढील महिन्यातील … ते … या पाच दिवसांची रजा मिळावी, ही विनंती. आजवर मी सात दिवस रजा घेतली असून या रजेनंतर एकूण बारा दिवस होतील. या काळातील माझ्या पाळ्या सोबत सही केलेले दोन सहकारी करतील. लॉगबुकातील अपूर्ण नोंदी मी रुजू झाल्यावर याच पोस्टिंगमध्ये पूर्ण करीन.”

सहकाऱ्यांची मदत इथेही आहेच, फरक एवढाच की ती सरांच्या नजरेसमोर आहे. मंजूर अर्जाची प्रत विभागात, एक विद्यार्थी विभागात आणि एक लॉगबुकात ठेवा. नकारच आला तर पोस्टिंगची अदलाबदल मागा: त्या काळात बारा आठवड्यांच्या समुदाय वैद्यकशास्त्रात असलेल्या एखाद्याशी दोन आठवडे बदलता येतात का, हे अधिष्ठाता कार्यालय ठरवते. त्यासाठी दोघांचा संयुक्त अर्ज वेळापत्रक लागण्याच्या पुष्कळ आधी द्यावा लागतो.

उशिराची_बॅच: एक मुद्दा राहिला. आमच्या बॅचची इंटर्नशिप उशिरा सुरू झाली, त्यामुळे ती नीट पीजीच्या पात्रता तारखेच्या अगदी जवळ संपते. अशा बॅचमध्ये तीन दिवसांची मुदतवाढसुद्धा एक वर्ष घालवू शकते. प्रश्नकर्तीने आपली समाप्तीची तारीख पाहून उरलेले तीन दिवस शेवटच्या आजारपणासाठी जपून ठेवावेत. मी तिच्या जागी असते तर पाचऐवजी तीनच दिवस मागितले असते.

नवी_इंटर्न: आभारी आहे. तापाच्या वेळी मी वैद्यकीय मंडळाकडे काहीच दिले नव्हते, त्यामुळे सात दिवस धरूनच हिशेब करते. सोमवारी सरांना भेटून अर्ज देईन आणि तोपर्यंत दोन रात्रींची कॉल ड्युटी मागून घेतली आहे. मात्र त्या पाच दिवसांत एक रविवार येतो. तो रजेत मोजतात का?

रात्रपाळी: आमच्याकडे नाही मोजत.

केंद्र_समन्वयक: आमच्याकडे मोजतात. दोन्ही बाजूंना रजा असेल तर मधला रविवार रजेतच धरला जातो. तुमच्या विद्यार्थी विभागाची पद्धत अर्जापूर्वी विचारून घ्या आणि अर्जात तारखा लिहा, नुसती दिवसांची संख्या लिहू नका.