मदत हवी आहे: टीव्हीवरच्या यूट्यूब जाहिरातीने बस्ते वाढले की नाही, हे ओळखायचं कसं?

बस्तेवाली_दिग्रस

नमस्कार मंडळी. दिग्रसला आमचं कापडाचं दुकान आहे आणि निम्म्याहून जास्त धंदा लग्नाच्या बस्त्यांवर चालतो. आजवर भिंती रंगवल्या, ऑटोवर भोंगा लावून गावोगाव फिरवला. आता खेड्यातही बऱ्याच घरी वायफाय आणि स्मार्ट टीव्ही आलेत, म्हणून या हंगामात धाकट्या दिरांनी टीव्हीवरच्या यूट्यूबला जाहिरात द्यायचं ठरवलं. एका जाहिरात संस्थेला 60,000 रुपये दिले. जाहिरात 15 सेकंदांची, स्किप न होणारी. दुकानापासून 35 किलोमीटरचं वर्तुळ घेतलं, म्हणजे दारव्हा, आर्णी, मानोरा, पुसद सगळं आत. तुळशीच्या लग्नापासून अडीच महिने ती चालली.

रिपोर्ट आला: 2,40,000 वेळा दिसली, 21,000 लोकांपर्यंत पोचली, 94 टक्के वेळा शेवटपर्यंत पाहिली गेली. मागच्या वर्षी याच काळात आमच्याकडे 122 बस्ते झाले होते, यंदा 150. संस्था म्हणते की वरचे 28 बस्ते जाहिरातीचे, तर उन्हाळ्यात दीड लाख लावा.

सरासरी बस्ता 38,000 चा होतो आणि खरेदी, भाडं, पगार जाऊन हातात साधारण 18 टक्के राहतात. दीड लाख आमच्यासाठी लहान रक्कम नाही. हे 28 खरंच जाहिरातीचे आहेत का?

केबलकाका_आर्वी

ताई, कोणत्या चॅनेलवर दिली होती? आमच्याकडे लोकल केबलवर खाली पट्टी चालते, महिन्याचे ठरलेले पैसे आणि दिवसभर दिसते. टीआरपी विचारून घ्या त्यांना.

बस्तेवाली_दिग्रस

काका, चॅनेल नाही. इंटरनेटवर चालणाऱ्या टीव्हीत यूट्यूब लावलं की व्हिडिओच्या आधी येते ती जाहिरात. त्याला टीआरपी नसतो.

क्लासवाला_वणी

मी माझ्या क्लाससाठी असंच केलं होतं. स्क्रीनवर क्यूआर कोड आणि फक्त जाहिरातीसाठी घेतलेला वेगळा मोबाईल नंबर टाकला. त्या नंबरवर 43 फोन आले, त्यातले 11 प्रवेश झाले. हिशेब स्वच्छ. तुम्हीही तेच करा, बाकी भानगडीत पडू नका.

हिशेबी_नागपूर

मी नागपुरात हेच काम करतो, छोट्या दुकानदारांचं. वणीच्या भाऊंचा वेगळा नंबर चांगलाच आहे, पण तो प्रश्नाचं अर्धंच उत्तर देतो. बस्त्याला माणूस फोन करून येत नाही, दहा जणांना घेऊन थेट येतो. म्हणजे जाहिरात पाहून आलेले बरेच जण त्या नंबरात सापडणारच नाहीत. उलट ज्यांचं तुमच्याकडे यायचं आधीच ठरलं होतं, तेही स्क्रीनवर नंबर दिसला म्हणून त्यावरच फोन करतील. भाऊ, तुमच्या 11 पैकी किती मुलं जाहिरात नसती तरी आली असती, हे त्या नंबरावरून कळत नाही.

ताई, आता तुमचं. 94 टक्क्यांवर विसंबू नका. जाहिरात स्किपच होत नसेल, तर ती शेवटपर्यंत चालणारच. टीव्ही लावून माणूस स्वयंपाकघरात गेला तरी ती ‘पूर्ण’ मोजली जाते. हा आकडा जाहिरातीचा प्रकार सांगतो, तिचा परिणाम नाही.

दुसरं, 2,40,000 ला 21,000 ने भागा. प्रत्येकाला सरासरी अकरा वेळा दिसली. सरासरी अकरा म्हणजे काही घरांत दोनदा आणि काहींत तीसदाही असू शकते. एका माणसाला आठवड्यात किती वेळा दाखवायची याची मर्यादा लावता येते, ती लावली होती का ते विचारा.

आणि खात्यात स्वतः शिरून दोन गोष्टी बघा. डिव्हाइसप्रमाणे आकडे वेगळे करा. मग ठिकाणाच्या सेटिंगमध्ये `Presence or interest` आहे की नुसतं `Presence`, ते पाहा. पहिलं असेल, तर दिग्रसमध्ये रस दाखवणारा पुण्यातला माणूसही तुमच्या ‘वर्तुळात’ धरला जातो.

सगळ्यात महत्त्वाचं, बिलांवर गाव लिहिता का? लिहीत असाल तर वर्तुळाच्या आतले आणि बाहेरचे बस्ते वेगळे मोजा, दोन्ही वर्षांचे.

बस्तेवाली_दिग्रस

दिरांनी आज खातं उघडलं. 2,40,000 पैकी मोबाईलवर 1,98,000, टीव्हीवर फक्त 38,000, उरलेल्या कॉम्प्युटर-टॅबवर. आम्ही टीव्ही म्हणून पैसे दिले होते! ठिकाणाचं सेटिंगही `Presence or interest` निघालं.

गाव आम्ही लिहितो, कारण कपडे नंतर पोचवावे लागतात. रात्री बसून मोजलं. वर्तुळाच्या आतले मागच्या वर्षी 98, यंदा 121. बाहेरचे, म्हणजे नेर आणि उमरखेडकडचे, मागच्या वर्षी 24, यंदा 29.

हिशेबी_नागपूर

मग आता हिशेब मांडता येतो. जिथे जाहिरात लावलीच नव्हती, तिथेही 24 चे 29 झाले. मुहूर्त जास्त असतील किंवा कापसाचे पैसे वेळेवर हाती आले असतील, कारण काहीही असो, ते आतल्या गावांनाही लागू आहे. आतलेही त्याच चालीने वाढले असते तर 98 चे जवळपास 118 झाले असते. झाले 121. म्हणजे जाहिरातीच्या नावावर 28 नाही, या हिशेबाने जवळपास तीनच येतात. एका बस्त्यामागे तुम्हाला 6,840 रुपये राहतात, त्यामुळे 60,000 वसूल व्हायलाच नऊ जास्तीचे बस्ते लागतात.

पण हे तीनही छातीठोकपणे सांगता येत नाहीत. 29 हा लहान आकडा आहे, तो निव्वळ योगायोगाने 24 किंवा 34 झाला असता. त्या हिशेबाने जाहिरातीशिवायचा तुमचा आतला आकडा 98 ते 139 मध्ये कुठेही असू शकतो. म्हणून ‘जाहिरात वाया गेली’ असंही मी म्हणणार नाही. या आकड्यांतून ते कळतच नाही, आणि संस्थेचा दावाही त्यातून सिद्ध होत नाही.

नेटवाला_पुसद

मी इकडं ब्रॉडबँडच्या लाइनी टाकून देतो. अजून एक गोष्ट कोणी सांगून नाही राहिलं. टीव्हीत मोबाईलसारखं जीपीएस नसते. घर कुठं आहे हे बरंचसं आयपी पत्त्यावरून ओळखतात. अन् खेड्यातल्या कनेक्शनचा आयपी कंपनीच्या मोठ्या शहरातल्या जागेवर नोंदलेला असू शकते. घर दारव्ह्याच्या शेजारच्या खेड्यात, पण कम्प्युटरला ते नागपूर वाटते. अशा घराले तुमचं 35 किलोमीटरचं वर्तुळ लागतच नाही.

तपासणं सोपं आहे. गावातल्या कोणाच्या घरी जा, त्यांच्या वायफायवर लॅपटॉप लावा, ब्राउझरची गुप्त खिडकी उघडून गूगलवर काहीही शोधा. पानाच्या तळाशी ठिकाण लिहिलेलं असते अन् ते आयपीवरून घेतलं का, हेही दिसते. पाच-सहा गावांत पाहून घ्या.

हिशेबी_नागपूर

बरोबर आहे भाऊ. यूट्यूबचं त्यातल्या त्यात बरं, कारण टीव्हीवर जे खातं लॉगिन असतं तेच घरातल्या मोबाईलवर असेल तर गूगलला आणखी खुणा मिळतात. नुसत्या आयपीवर चालणाऱ्या ठिकाणी तालुक्याच्या पातळीचं लक्ष्य ठरवणं फारच धूसर होतं.

संत्रावाली_वरूड

आमची संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. वय, बाई-पुरुष, आवड असं निवडता येतं ना? मला सांगितलं होतं की लग्न ठरलेल्या लोकांनाच दाखवायचीही सोय आहे. ताईंनी तेच घ्यावं, मग पैसा वाया जाणार नाही.

हिशेबी_नागपूर

सोय आहे, `Getting married soon` या नावाने. पण टीव्हीवर खातं बहुतेक वडिलांचं किंवा मोठ्या मुलाचं असतं आणि बघतं सगळं घर. नवरीच्या मोबाईलवरून जे ओळखलं जातं, ते वडिलांच्या खात्याला चिकटेलच असं नाही. शिवाय 35 किलोमीटरचं वर्तुळ, त्यात फक्त टीव्ही, त्यात फक्त लग्न ठरलेले, अशी चाळणी लावत गेलात तर जाहिरात चालतच नाही, पैसे तसेच पडून राहतात. बस्ता हा घरादाराचा निर्णय आहे, मावशी-आत्या सगळ्यांचं मत चालतं. मी असतो तर लोक मोकळे ठेवले असते आणि फक्त जागा आणि स्क्रीन घट्ट धरली असती. एक मात्र करा, जाहिरात कोणत्या चॅनेलांवर दिसली ती यादी पाहा. टीव्ही पुष्कळदा लहान मुलांच्या ताब्यात असतो. बालगीतांचे चॅनेल निघाले तर ते वगळा.

संत्रावाली_वरूड

मला नाही पटत. मुलांसोबत आईही बसलेली असते.

बस्तेवाली_दिग्रस

नेटवाले दादा, माझी मावशी दारव्ह्याजवळ राहते, तिच्याकडे जाऊन पाहिलं. तळाशी नागपूर लिहिलेलं आलं. आर्णीच्या नणंदेकडे मात्र यवतमाळ आलं.

घरात असं ठरतंय की उन्हाळ्यात दीड लाख नाही, 60,000 च. सेटिंगमध्ये मोबाईल, कॉम्प्युटर, टॅब बंद करून फक्त `TV screens` ठेवायचं. आणि जाहिरात फक्त दारव्हा-मानोरा बाजूला, आर्णी-पुसद बाजू कोरी ठेवायची. मग दोन्हीकडचे बस्ते मोजायचे. चालेल?

हिशेबी_नागपूर

पद्धत योग्य आहे. पण मावशींच्या घरासारखी घरं जास्त असतील, तर दारव्ह्याची बाजू पैसे देऊनही निम्मी कोरीच राहील. आधी चार-पाच गावं तपासा, आणि ज्या बाजूला ठिकाण बरोबर दिसतं ती बाजू जाहिरातीला घ्या. मागच्या उन्हाळ्यात त्या बाजूचे किती होते?

बस्तेवाली_दिग्रस

दारव्हा-मानोऱ्याचे 44. आर्णी-पुसदचे 50.

हिशेबी_नागपूर

म्हणजे खर्च निघायला 44 चे निदान 53 व्हायला हवेत, तेही आर्णी-पुसद जागच्या जागी राहिलं तर. आणि 44 हा आकडा जाहिरात नसतानाही सहा-सातने इकडेतिकडे होतो. एका हंगामात कौल लागेलच असं नाही. पुढच्या हंगामात बाजू उलट करा, दोन्ही वेळा जाहिरातीची बाजूच पुढे राहिली तर विश्वास ठेवा. या मोजमापासाठी मोठ्या कंपन्यांसारखा ब्रँड लिफ्टचा सर्व्हे, म्हणजे जाहिरात दिसलेल्या आणि न दिसलेल्या लोकांना प्रश्न विचारून फरक काढणं, तुमच्या खर्चात मिळत नाही, त्यामुळे तुमची बिलबुकं हाच खरा पुरावा.

क्लासवाला_वणी

पण एक पूर्ण बाजू हंगामभर कोरी ठेवायची म्हणजे पुसदचं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दुकानात जाणार, त्याचं काय? त्यापेक्षा पंधरा दिवस चालू, पंधरा दिवस बंद करा.

हिशेबी_नागपूर

दुसऱ्या धंद्यात मी तेच सांगितलं असतं. इथे एका पंधरवड्यात मुहूर्त भरपूर आणि दुसऱ्यात एखादाच असू शकतो. शिवाय आज जाहिरात पाहिलेलं घर महिनाभराने बस्त्याला येतं. चालू-बंदचे आकडे एकमेकांत मिसळतील. पुसदच्या गिऱ्हाइकाचं तुमचं म्हणणं मात्र खरं आहे, ती किंमत मोजावीच लागेल.

बस्तेवाली_दिग्रस

चार वर्षांची जुनी बिलबुकं काढून गावांची वही करायला बसले आहे आणि तिथेच अडले. बस्त्याला दोन्ही व्याही एकत्र येतात. नवरी मानोऱ्याची, नवरा आर्णीचा, तर हा बस्ता कोणत्या बाजूला मांडू?

हिशेबी_नागपूर

दोन्ही गावं लिहा, आणि ‘दिग्रसलाच जाऊ’ असं आधी कोण म्हणालं ते काउंटरवर विचारून तिसऱ्या रकान्यात टाका. जुन्या बिलांना हे सांगता येणार नाही. तिथे पैसे ज्यांनी दिले त्यांचं गाव धरा, आणि चारही वर्षं तोच नियम ठेवा.

केबलकाका_आर्वी

ताई, आमच्याकडे दुकान बहुतेक नवरीकडचे ठरवतात. तुमच्याकडे कसं आहे ते आधी पाहा, नाहीतर पैसे देणाऱ्याचं गाव धरून गफलत होईल.