टीमच्या चॅटवर सहकाऱ्याच्या प्लॅनला विरोध: तुमचे अनुभव सांगा

सांजवेळ: सुरुवात मी करते. सहकाऱ्याने ग्रुपवर प्लॅन टाकला: टेबलमधल्या `phone` कॉलमचं नाव `mobile` करायचं आणि त्याच रिलीजमध्ये नवा कोडही चढवायचा. आमच्याकडे कोड सर्व्हरवर एकेक करून चढतो. मधल्या वेळात जुना कोड `phone` शोधणार आणि एरर येणार. "हे चालणार नाही" असं टाइप केलं, पाठवायच्या आधी पुसलं. मग त्याची तेवढी ओळ कोट करून लिहिलं: "नाव बदलल्यावर जुन्या कोडवरच्या सर्व्हरकडे रिक्वेस्ट गेली तर काय होईल? मला वाटतं एरर. माझं काही सुटतंय का?"

त्याचं उत्तर आलं, "पाच मिनिटं साइट बंद ठेवू की." तेव्हा कळलं, कॉलमवर आमचा वाद नव्हताच. साइट बंद ठेवता येते असं तो धरून चालला होता, मी नाही. सपोर्टवाल्यांना विचारलं, त्यांनी नाही सांगितलं. मग त्यानेच नवा प्लॅन लिहिला: आधी नवा कॉलम, काही दिवस दोन्हींत लिहायचं, जुना डेटा कॉपी करायचा, वाचन नव्यावर न्यायचं, सगळ्यात शेवटी जुना कॉलम काढायचा. एकाऐवजी तीन रिलीज लागले, आणि ती त्याची तक्रार रास्त होती.

रातपाळी: मी असलं काही ग्रुपवर लिहीतच नाही, सरळ पर्सनलवर बोलतो. चारचौघांत समोरच्याचा मान जातो.

जुनी_वही: रातपाळी, सूर चढला असेल तर पर्सनलवर जावंच. पण मुद्दा तिथेच मिटवला की बाकीच्यांना प्लॅन का बदलला ते कळत नाही. आमच्या इथे तसंच झालं, महिन्याभराने तिसऱ्याच माणसाने तोच जुना प्लॅन पुन्हा मांडला. आता पर्सनलवर ठरलं तरी ज्याचा प्लॅन असतो तोच ग्रुपवर दोन ओळी टाकतो.

आणखी एक. आक्षेप घेताना तो किती मोठा आहे तेही मी लिहिते: "यावर अडून आहे" किंवा "नुसती सूचना, तुझं तू ठरव." हे लिहीत नव्हते तेव्हा माझी बारीकशी शंकाही लोक नकार समजून थांबायचे.

पाणवठा: माझे साहेब चर्चा न करताच प्लॅन ठरवतात. त्यांना कसं सांगायचं?

सांजवेळ: पाणवठा, साहेबांचं गणित वेगळं, मला तो अनुभव नाही. कुणाला असेल तर लिहा.

रातपाळी: जुनी_वही, दोन ओळींचं पटलं. पण "माझं काही सुटतंय का?" हे मला कुणी विचारलं तर टोमणाच वाटेल.

जुनी_वही: खरंच सुटत असेल अशी शंका नसताना विचारलं तर वाटणारच. खात्री असली की मी प्रश्न विचारत नाही, लॉगमधली एररची ओळ चिकटवते.

रातपाळी: आणि लॉग नसेल तेव्हा?